नव्या सलॉनचे दर ठरवताना आजूबाजूच्यांची दरपत्रके कशी वापरावीत?

प्रश्न: नवीन सलॉन उघडतोय. इतरांचे रेट पाहून माझे कसे ठरवू, म्हणजे रेट पाडायची स्पर्धा सुरू होणार नाही?

उत्तर: नुसते आकडे न पाहता प्रत्येक सेवेचा दर खुर्चीच्या तासावर काढा, आणि ज्या हेअरकटच्या दरावरून गिऱ्हाईक सलॉन स्वस्त की महाग ठरवतं, तो दर शेजाऱ्याच्या खाली नेऊ नका. सलॉनचे हिशेब बघताना मी हाच तक्ता आधी मांडतो. समजा, एकाकडे नुसता कट 100, वेळ अर्धा तास. म्हणजे तासाला 200. दुसऱ्याकडे वॉश आणि ब्लो-ड्रायसह 140, पण वेळ तासभर; म्हणजे तासाला 140च. महाग दिसणारा खरं तर स्वस्तात काम करतोय, त्याच्याखाली गेलात तर तुम्हीच बुडाल. तुम्ही कट 100लाच ठेवा, वॉश-ड्राय वेगळं 60ला लावा. दोन्ही मिळून पाऊण तासात उरकलं तर 160, म्हणजे तासाला साधारण 213. शेजाऱ्याच्या बोर्डाशी टक्कर होत नाही, म्हणून त्यालाही दर पाडायची घाई होत नाही. फक्त छापील दरावर विसंबू नका: लांब केसांचे जादा पैसे आणि मेंबरशिपची सूट त्यात बहुधा दिसत नाही, म्हणून एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊन बिल आणि लागलेला वेळ दोन्ही टिपा.