तासाचा दर, भरलेले तास आणि कपात: मुलाला पगाराचा हिशोब कसा समजवायचा?

प्रश्न: मुलाला नुकतं अठरावं पूर्ण झालं. नवी पेठेत चादरीच्या दुकानात संध्याकाळी पाच ते नऊ जातो, तासाला ७० रुपये. आठवड्याचा पगार त्याच्या हिशोबापेक्षा कमी आला म्हणून रुसलाय. त्याला कसं समजावू?

उत्तर: आधी त्याला एका वहीत रोजची येण्याजाण्याची वेळ लिहायला लावा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हजेरी आणि पगारपत्रक बघतो. तिथेही निम्मी भांडणं दरावरून नाही, मिनिटांवरून होतात.

समजा, सहा दिवसांचे तास असे भरले: ४ तास, ३ तास ४५ मिनिटं, साडेचार, ४, पुन्हा पावणेचार, पुन्हा साडेचार. पोरं कॅल्क्युलेटरवर ३.४५ आणि ४.३० असंच दाबतात आणि बेरीज २३.५० येते. पण तास साठ मिनिटांचा, शंभराचा नाही. तास वेगळे, मिनिटं वेगळी मिळवायची: २२ तास आणि १५० मिनिटं, म्हणजे साडेचोवीस तास. दोन्ही हिशोबांत अख्ख्या तासाचा, ७० रुपयांचा फरक. त्याची किंवा दुकानातली आकडेमोड इथेच चुकलेली असू शकते, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

२४.५ गुणिले ७०, म्हणजे १,७१५ रुपये. ही झाली कमाई. कपात यानंतर.

त्याने मधल्या वारी ५०० उचल घेतली असेल तर हातात १,२१५ येतील. उचलीचे ५०० बुडाले नाहीत, आधीच खर्च झालेत. हा मुद्दा पोरांना सगळ्यात उशिरा पटतो! उचल दिली त्या दिवशीच वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता चिठ्ठीत 'उशीर, ७० रुपये' असं काही दिसलं तर थांबा. दोन दिवस तो पंधरा मिनिटं उशिरा गेला, ते ३५ रुपये कमी तासांतून आधीच गेलेत. वर आणखी कापले तर एकाच उशिराचे दोनदा पैसे गेले. गैरहजेरीपोटी जेवढा वेळ काम झालं नाही तेवढ्याचेच पैसे कापता येतात, कायदाही तेच सांगतो.

पीएफ कापलाय असं म्हणाले तर यूएएन नंबर मागायचा आणि पासबुकात रक्कम जमा दिसते का ते बघायचं. छोट्या दुकानात बहुधा पीएफ नसतोच.

बोलायला त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. वही पुढे ठेवून एवढंच म्हणायचं, "शेठ, माझे साडेचोवीस तास होतात, तुमच्याकडे किती लागलेत?" गिऱ्हाइकांची गर्दी नसताना, आणि पैसे घेतले त्याच दिवशी. आठवडा उलटला की कोण कधी आलं होतं हे दोघांनाही आठवत नाही.