'एव', 'अपि', 'च' : भरतीचे शब्द की अर्थाचे?

प्रश्न : संस्कृत श्लोकांतले एव, अपि, च हे नुसते वृत्त भरायला घातलेले असतात का? अर्थ लावताना ते सोडून दिले तर चालते का?

कधीकधी चालते. अमरकोशातच 'तु हि च स्म ह वै पादपूरणे', म्हणजे हे शब्द श्लोकाचा चरण भरायला येतात, असे म्हटले आहे. गीतेच्या पहिल्या श्लोकातल्या 'पाण्डवाश्चैव' मधला 'एव' काढला तर अर्थात फारसा फरक पडत नाही. पण चांगल्या कवीच्या श्लोकात असे गृहीत धरू नये. माझी कसोटी सोपी आहे: तो शब्द जागचा हलवून पाहावा.

रावणाच्या तोंडी असलेल्या या ओळी बघा :

न्यक्कारो ह्ययमेव मे यदरयस्तत्राप्यसौ तापसः
सोऽप्यत्रैव निहन्ति राक्षसकुलं जीवत्यहो रावणः ।

'एव' ज्या शब्दामागे येतो त्याला घट्ट धरतो, अगदी मराठी 'च'सारखा. इथे तो 'अयम्'ला लागला आहे: मला शत्रू असावेत, हाच माझा अपमान. तो 'मे'ला लावला तर 'हा माझाच अपमान' होईल, 'न्यक्कारः'ला लावला तर 'हा अपमानच', आणि दोन्हीकडे रावणाचा ताठा गेला. त्याला म्हणायचे आहे की शत्रू किती आणि कसे हा पुढचा प्रश्न, मुळात ते असणेच लांछन. मग 'तत्रापि': त्यातही तो एक तापस. 'सोऽपि': आणि तोही. 'अत्रैव': दूर कुठे नाही, इथेच लंकेत राक्षसकुळ मारतो आहे. प्रत्येक 'अपि'ला अपमान एक पायरी चढतो. दोन्ही 'अपि' गाळा, घटना तीच राहते, पण रावणाचा संताप ऐकू येत नाही.

नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हा श्लोक याच चर्चेत घेतला आहे. त्याच्या मूळ कारिकेत, म्हणजे नियम सांगणाऱ्या श्लोकात, निपातांचे, म्हणजे एव, अपि, च अशा अव्ययांचे, नाव नाही. तिथल्या एका 'च'मुळे निपातही येतात, असे कारिकेवरच्या गद्य स्पष्टीकरणात, वृत्तीत, म्हटले आहे. 'च' न सांगितलेल्या गोष्टीही गोळा करू शकतो, हे त्यामागचे तत्त्व.

'च'साठी तिथलेच उदाहरण 'विक्रमोर्वशीया'तले, उर्वशी नाहीशी झाल्यावर पुरूरवा म्हणतो ते: 'अयमेकपदे तया वियोगः प्रियया चोपनतः', आणि पुढे 'अहोभिर्भवितव्यं च'. दोन वाक्ये, दोन्हींत एकेक 'च'. एकच 'च' असता तर विरह आला आणि पावसाळी दिवसही आले, अशी साधी बेरीज झाली असती. दोन 'च' दोन्ही गोष्टी एकाच क्षणी आणून आदळवतात. 'एकपदे' म्हणजे एकाएकी, त्याला हे जुळते. म्हणून मराठीत मध्ये नुसते 'आणि' घालून भागत नाही. 'इकडे प्रियेचा विरह कोसळतो काय, आणि नेमके तेव्हाच हे ढगाळ, रम्य दिवस येतात काय' असे काहीतरी करावे लागते.