लोकेशन दोघांचं चालू होतं, पण बघत एकच होता

"मॅडम, लग्नाला सव्वा वर्ष झालंय. नवरा म्हणतो लाईव्ह लोकेशन कायम चालू ठेव, त्याचं पण त्यानी मला दिलंय. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाहीये, तरी गुदमरल्यासारखं होतं. मीच जास्त विचार करतेय का? हा विश्वास आहे की पाळत?"

तुमचा मेसेज वाचल्यावर मला एक जोडपं आठवलं, त्यांचंच सांगते, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात पण गाभा तोच आहे.

ती फिजिओथेरपिस्ट, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची, म्हणजे दिवसभर फिरती. तो ऑफिसात एका जागी बसून काम करणारा. एका रात्री तिची गाडी बंद पडली, फोनची बॅटरी पण गेली आणि दोन तास ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तो रडकुंडीला आला होता. त्याच रात्री दोघांनी मॅपवर एकमेकांचं लोकेशन शेअर केलं, आणि वेळ निवडताना तासाभराचा पर्याय न घेता Until you turn this off घेतला, म्हणजे बंद करेपर्यंत चालूच. मला ही सुरुवात अजिबात वाईट वाटत नाही. घाबरलेल्या दोन माणसांनी केलेली साधी गोष्ट होती ती, आणि पहिले दोनतीन महिने तिला बरंही वाटलं, कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे असं.

मग हळूहळू प्रश्न यायला लागले. "त्या बिल्डिंगमध्ये आज 22 मिनिटं जास्त का थांबलीस?" "नेहमीच्या रस्त्यानी का नाही आलीस?" लोकेशन शेअर केलं की मॅपवर समोरच्याला तुमच्या फोनची बॅटरी किती आहे ते पण दिसतं, हे तिला माहीतच नव्हतं, ते तिला कळलं एका भांडणात, जेव्हा तो म्हणाला की बॅटरी 62 टक्के होती मग फोन का नाही उचललास. ती पेशंटचा खांदा धरून उभी होती, दोन्ही हात अडकलेले.

आणि एकदा तर ठिपकाच चुकला. ती एका तळघरातल्या क्लिनिकमध्ये होती, तिथे जीपीएस नीट पोचत नाही, मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाईल टॉवरवरून जागेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज बराच लांबचा निघू शकतो. ठिपका दिसला रस्त्यापलीकडच्या हॉटेलवर. दोन दिवस घरात अबोला. तो ठिपका म्हणजे त्याच्यासाठी पुरावा होता आणि तिचं बोलणं म्हणजे सफाई. मला विचाराल तर या केसमधली सगळ्यात दुखरी गोष्ट हीच, कारण बायकोच्या शब्दापेक्षा मॅपचा शब्द मोठा झाला होता.

ते दोघं माझ्याकडे आले तेव्हा मी आधी दोघांना वेगवेगळं भेटले. मी हे नेहमीच करते, कारण घरात भीती असेल तर ती नवऱ्यासमोर बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याचा हिशोब तिला घरी गेल्यावर द्यावा लागेल. तिला मी विचारलं, उद्या तुझा फोन चार तास बंद राहिला तर रात्री घरी काय होईल? तो हात उचलतो का, पैसे कोणाकडे असतात, फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे का, मैत्रिणी माहेर यांच्याशी बोलणं कमी झालंय का? हे सगळं विचारायचं कारण असं की एकटं लोकेशन फारसं काही सांगत नाही, ते बाकी कशाला जोडलेलं आहे ते बघावं लागतं. या क्षेत्रात आम्ही कोअर्सिव्ह कंट्रोल म्हणतो, म्हणजे मारहाण नसली तरी माणसाचं रोजचं जगणं चारी बाजूंनी आवळत नेणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर 2015 पासून कायद्यानी तो गुन्हा आहे.

तिच्याकडे मारहाण नव्हती, पगार तिचा तिच्याकडे होता, मैत्रिणी होत्या. पण मग मी विचारलं की लोकेशन चालू झाल्यापासून तू काय करायचं सोडलंस, आणि ती बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, पेशंटच्या घरी चहा घेणं सोडलं. जवळचा रस्ता सोडून त्याला माहीत असलेल्या रस्त्यानी यायला लागले. कुठे थांबायचं असेल तर आधीच मेसेज टाकते. आणि त्याच्या वाढदिवसाला सरप्राईज आणायला निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले, म्हटलं हे पण विचारेल आणि मग सरप्राईज कसलं.

तुम्हाला गुदमरल्यासारखं होतं म्हणताय ना, ते बहुतेक इथूनच येतं. लपवण्यासारखं काही नसलं तरी माणसाला न सांगता थांबायला, वळायला, उशीर करायला जागा लागते. तुम्ही जास्त विचार करत नाही आहात.

आता त्याच्याबद्दल, कारण तो राक्षस नव्हता. मी त्याला एक आठवडा फक्त नोंद करायला सांगितली: मॅप कधी उघडला, उघडायच्या आधी कसं वाटत होतं, नंतर कसं वाटलं, आणि ते बरं वाटणं किती वेळ टिकलं. दिवसाला तिसेक वेळा उघडत होता. बरं वाटणं टिकायचं पाचसात मिनिटं, मग ती कुठेतरी वळली किंवा ठिपका हललाच नाही की परत छातीत धडधड. कुलूप लावलंय का ते पुन्हापुन्हा बघणाऱ्या माणसाचं असतं ना तसं, प्रत्येक वेळी बघितलं की थोडी सुटका मिळते आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी बघावंसं वाटतं, म्हणजे जितकी माहिती जास्त तितकी काळजी वाढतच जाते. बोलताबोलता निघालं की तो कॉलेजला असताना वडिलांचा अपघात झाला होता आणि घरच्यांना ते फार उशिरा कळलं होतं. भीती खरी होती. पण त्या भीतीचा भार रोज ती उचलत होती, आणि कारण खरं असलं म्हणून ते योग्य ठरत नाही.

त्याचा एक मुद्दा मात्र अगदी तुमच्या नवऱ्याचाच होता: "मी माझं पण दिलंय की, मग अन्याय कसला?" मी त्याच्यासमोरच तिला विचारलं, वर्षभरात तू त्याचं किती वेळा बघितलंस? ती म्हणाली दोनदा, एकदा भाजी आणायला सांगायची होती आणि एकदा चुकून. शेअरिंग दोघांचं होतं पण बघत एकच होता, आणि बघितल्यावर प्रश्नही एकच विचारत होता. बरोबरी मोजायची असेल तर ती इथे मोजा, लोकेशन कोणाकोणाचं चालू आहे यावरून नाही कळत. स्वतःचं देऊन मग समोरच्याला नाही म्हणायची सोयच न ठेवणं, हे मला बऱ्याच घरांत दिसतं, आणि देणाऱ्याला ते मनापासून प्रेमच वाटत असतं.

मग आम्ही असं ठरवलं की कायमचं शेअरिंग बंद, दोघांनी एकाच वेळी माझ्यासमोर. त्याऐवजी रात्री उशीर होणार असेल तर ती स्वतःहून व्हॉट्सॅपवर लाईव्ह लोकेशन पाठवेल, तिथे 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे तीनच पर्याय असतात आणि वेळ संपली की ते आपोआप थांबतं. फरक छोटा वाटतो पण सुरुवात तिच्या हातात आणि शेवट आधीच ठरलेला. त्यानी करायचं एवढंच की विचारावंसं वाटलं तर लिहून ठेवायचं आणि 20 मिनिटं थांबायचं.

पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला, फक्त आज चालू कर ना. ती नाही म्हणाली, हात थरथरत होते म्हणे. तो ओरडला नाही, काही नाही, पण रात्रभर बोलला नाही आणि जेवलाही नाही. मी त्याला सांगितलं की नाही ऐकल्यावर बोलणं बंद करणं ही शिक्षाच असते, ते त्याला पटेना, त्यावर आमची तीन सेशन्स गेली. मी हे मुद्दाम सांगतेय कारण लोकांना वाटतं सेटिंग बंद केलं की प्रश्न सुटला, खरं काम तर नंतर सुरू होतं. चार महिन्यांनी ती एका सेशनला 20 मिनिटं उशिरा आली, तो बाहेर बसला होता. मी विचारलं ती कुठेय, म्हणाला माहीत नाही, येईल. पाय मात्र हलवत होता.

असं सगळीकडे होत नाही. दुसऱ्या एका केसमध्ये बायकोनी लोकेशन बंद केल्यावर नवऱ्यानी न सांगता तिच्या गाडीत ट्रॅकर ठेवला, आणि माझ्यासमोर तिच्या येण्याजाण्याची यादी घेऊन आला, ती खोटं कशी बोलते हे सिद्ध करायला. तिथे मी जोडीनं भेटणं थांबवलं आणि फक्त तिच्यासोबत काम केलं, कारण तिथे जोडीच्या सेशनमध्ये ती जे बोलेल ते तिच्याच विरुद्ध वापरलं गेलं असतं.

आता तुमचं. डोळे मिटून हे वाक्य त्याला म्हणताय अशी कल्पना करा: "मी एक आठवडा लोकेशन बंद ठेवतेय, रात्री उशीर असेल तेव्हा मी स्वतः पाठवेन." तो वैतागेल, रुसेल, वाद घालेल एवढंच डोळ्यासमोर आलं तर शांत वेळ बघून खरंच म्हणा, आणि आठवडाभर त्याचं ऐका पण बंदच ठेवा. तो अस्वस्थ होऊनही थांबतो का, की दुसऱ्या वाटेनी शोधायला लागतो, मैत्रिणीला फोन करणं, फोन तपासणं, हे बघा. तुम्ही काय काय करायचं सोडलंय ते पण लिहून काढा, पण त्याच्या हातात न पडेल अशा ठिकाणी.

आणि ते वाक्य नुसतं मनात म्हणतानाच पोटात गोळा आला असेल तर ते म्हणू नका, आणि गुपचूप बंदही करू नका, कारण तुम्ही दिसेनाशा झालात हे समोरच्याला लगेच कळतं आणि अशा घरात तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. आधी एकट्याच कोणा समुपदेशकाला भेटा, फोन करायचा तर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून करा, आणि जाताना तुमचा फोन रोज ज्या ठिकाणी असतो तिथेच राहू द्या.