मोमेंटम फंड हाही इंडेक्स फंडच का?

> "निफ्टी 50 इंडेक्स फंडात दरमहा 10,000 ची एसआयपी तीन वर्षं चालू आहे. मित्र म्हणतो, मोमेंटमकडे वळव, तोही इंडेक्स फंडच आहे आणि जास्त पळतो. लो व्होलॅटिलिटी, क्वालिटी असेही प्रकार दिसतात. हे खरंच इंडेक्स फंड आहेत का? एसआयपी वळवू का? मीही सोलापूरचाच."

नावापुरते आहेत. पण तुमच्या निफ्टी फंडाचा मॅनेजर वर्षातले बहुतेक दिवस हात बांधून बसू शकतो, मोमेंटमवाल्याला ते जमत नाही. हा एक फरक नीट कळला की बाकीचे त्यातूनच निघतात.

निफ्टी 50 मध्ये शेअरचं वजन कंपनीच्या बाजारमूल्यावर ठरतं, आणि त्यातलाही प्रवर्तकांकडे अडकलेला भाग सोडून. उद्या त्यातला एखादा शेअर 10 टक्के चढला, तर निर्देशांकातलं त्याचं वजन आपोआप वाढतं आणि तुमच्या फंडातलंही तेवढंच वाढतं. काही विकावं लागत नाही, काही घ्यावं लागत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस एक-दोन नावं आत-बाहेर होतात, तेवढीच काय ती हालचाल. या फंडाला कुठल्या शेअरबद्दल स्वतःचं मत नसतं. बाजाराने ज्याला जेवढं मोठं केलं, तेवढं तो ठेवतो.

मोमेंटम, लो व्होलॅटिलिटी, क्वालिटी असल्या फॅक्टर फंडाला मत असतं. फक्त ते कुणा माणसाचं नसून आधीच लिहून ठेवलेल्या नियमाचं असतं. लो व्होलॅटिलिटीचा नियम म्हणतो, मोठ्या 100 कंपन्यांतून ज्या 30 चे भाव वर्षभरात सर्वांत कमी हेलकावले त्या घे, आणि जो जितका शांत त्याला तितकं जास्त वजन दे. क्वालिटीचा नियम भावाकडे बघतच नाही, तो ताळेबंद बघतो: भांडवलावरचा परतावा किती, कर्ज किती, गेल्या पाच वर्षांत कमाई किती सरळ वाढली. या दोघांबद्दल खाली दोन ओळी लिहितो. तुमचा प्रश्न खरा मोमेंटमचा आहे.

निफ्टी 200 मोमेंटम 30 हा निर्देशांक 200 कंपन्यांतून 30 निवडतो. पुष्कळ जणांना वाटतं, वर्षात सर्वांत जास्त चढलेले 30. तसं नाही. 12 महिन्यांची वाढ आणि 6 महिन्यांची वाढ घेतात आणि दोन्हींना त्या शेअरच्या चढउताराने भागतात. समजा एक शेअर वर्षात 60 टक्के चढला, पण रोज उड्या मारत, वार्षिक चढउतार 40 टक्के. भागाकार दीड. दुसरा 40 टक्केच चढला, पण शांतपणे, चढउतार 20 टक्के. भागाकार दोन. इथे दुसरा वरचा ठरतो. दोन्ही मुदतींच्या आकड्यांची मिळून क्रमवारी लागते. निवड झाली की बाजारमूल्याला या गुणांनी गुणून वजन ठरवतात, आणि फेररचनेच्या वेळी कुणालाही 5 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. हे सगळं वर्षातून दोनदाच होतं, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. मधले महिने नियम डोळे मिटून असतो.

चढणारा भाव काही काळ चढतच राहतो, हे नवीन नाही. जेगदीश आणि टिटमन यांनी 1993 साली अमेरिकी बाजारावर ते आकड्यांनी मांडलं. आपल्याला त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, सोलापूरचं मार्केट यार्ड पुरे. 2023 च्या दिवाळीच्या आसपास कांदा चढत होता, तेव्हा व्यापारी आज घेतलेला माल उद्या जास्त भावाने जाईल म्हणून घेत होते, आणि जातही होता. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत निर्यातबंदी आली आणि लिलावाचा भाव कोसळला. ज्याने चढत्या भावाच्या भरवशावर गाड्या भरून ठेवल्या होत्या तो अडकला. आता त्या व्यापाऱ्याला अशी अट घाला की माल वर्षातून दोनदाच बदलायचा. मोमेंटम फंड म्हणजे तोच.

आकड्यांत बघा. नोव्हेंबर अखेरीस शेअर 100 ला होता. मेअखेर 150 झाला आणि जूनच्या यादीत आला. सप्टेंबरमध्ये 200 गाठले, मग पडायला लागला आणि पुढच्या नोव्हेंबरअखेर 160 वर आला. शिखरापासून 20 टक्के गेले. पण डिसेंबरची परीक्षा घेणाऱ्या नियमाला काय दिसतं? 12 महिन्यांची वाढ अजून 60 टक्के, म्हणजे उत्तम. 6 महिन्यांची मात्र जेमतेम 7 टक्के. बाकीचे शेअरही तसेच थकलेले असतील तर हा यादीत टिकूनही जाईल. वळण आलंय हे नियमाला कळतं, पण उशिरा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मुदत ठेव मोडून आलेले 2 लाख मी मोमेंटम फंडात एकरकमी टाकले. ज्याने घ्यायला लावलं त्याने पाठीमागच्या वर्षाचा आलेख मोबाईलवर दाखवला होता, आणि मी 25 वर्षं हिशेब लिहिण्यात घालवलेला माणूस, तरी भुललो. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस निफ्टी 50 ने 26,277 चा उच्चांक केला आणि मार्च 2025 च्या सुरुवातीला तो 22,000 च्या खाली आला, म्हणजे 16 टक्के पडला. मोमेंटम 30 त्याच काळात 30 टक्क्यांच्या आसपास पडला. त्यात आधी खूप पळालेली सरकारी वीज कंपन्यांची, संरक्षण आणि वाहन क्षेत्राची नावं होती, आणि पहिला मार त्यांनाच बसला. डिसेंबरमध्ये नवी नावं आली, जानेवारी-फेब्रुवारीत तीही घसरली. माझे 2 लाख 1 लाख 40 हजारांवर आले. बायकोने फक्त विचारलं, "ती एफडी कुठल्या फंडात टाकली म्हणालात?"

फंडाची चूक नव्हती. नियमाने सांगितलं तेच त्याने केलं. चूक ही की दोन-तीन चांगल्या वर्षांच्या शेंड्यावर मी एकरकमी आत गेलो.

आता खर्च. 30 पैकी निम्म्या नावांच्या आसपास फेरफार एका फेररचनेत होणं मोमेंटममध्ये नवल नाही. समजा प्रत्येक वेळी निम्मा फंड विकून परत घेतला. फंडातल्या प्रत्येक 100 रुपयांमागे 50 ची विक्री आणि 50 ची खरेदी. दोन्हीवर 0.1 टक्के एसटीटी हा व्यवहारकर, म्हणजे 10 पैसे. वर्षात दोनदा, 20 पैसे. खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क, ते दीड पैसा. म्हणजे लाखामागे वर्षाला सुमारे 215 रुपये नुसते सरकारी. दलाली वेगळी. शिवाय सगळे मोमेंटम फंड त्याच दिवसांत तेच शेअर घ्यायला धावतात, त्यामुळे भाव थोडा वर मिळतो, तो तोटा वेगळा. निर्देशांक स्वतः यातलं काहीच भरत नाही, तो कागदावर असतो. म्हणून फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा किती मागे राहिला, म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स, हा आकडा मोमेंटममध्ये बघायलाच हवा. तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करा, ज्याच्या नावापुढे टीआरआय असतं. नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी केलीत तर फंड आहे त्यापेक्षा शहाणा दिसेल.

यात एक गोष्ट मात्र फंडाच्या बाजूची आहे. हेच 30 शेअर तुम्ही स्वतःच्या डिमॅटमध्ये ठेवून दर सहा महिन्यांनी बदलले असते, तर वर्षाच्या आत विकलेल्यांच्या नफ्यावर 20 टक्के कर पडला असता. फंडाच्या आत होणाऱ्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कर नाही. तुम्ही युनिट विकाल तेव्हाच.

मित्राला एक प्रश्न विचारा: "जास्त पळतो" हे कधीपासूनचं? मोमेंटम 30 चा आलेख 1 एप्रिल 2005 पासून काढलेला दिसतो, पण हा निर्देशांक सुरू झाला ऑगस्ट 2020 मध्ये. आधीची 15 वर्षं मागे जाऊन मांडलेला हिशेब आहे, त्यात कुणाचाही एक रुपया नव्हता. हिशेब खोटा नाही, पण हे आकडे समोर ठेवूनच नियम निवडला गेला. निकाल माहीत असताना लावलेली पैज म्हणा. म्हणून मी 2020 नंतरचीच वर्षं धरतो, आणि ती थोडी आहेत.

लो व्होलॅटिलिटी पडत नाही असं समजू नका, पडतो, साधारणपणे कमी पडतो. पण बाजार जोरात चढताना तो मागे राहतो, आणि तेव्हाच लोक कंटाळून बाहेर पडतात. त्यातली बरीच नावं तुमच्या निफ्टीतही आहेत, त्यामुळे दोन फंड घेतले म्हणून दुप्पट विविधता मिळत नाही. क्वालिटीत फारशी उत्तेजना नाही.

तुमच्या 10,000 चं: मी वळवणार नाही. निफ्टीची एसआयपी आहे तशी राहू द्या. फारच वाटत असेल तर त्यातले 2,000 मोमेंटमला, एसआयपीनेच, एकरकमी नाही, आणि निफ्टी 16 टक्के पडताना हा 30 टक्के पडलेला बघवणार असेल तरच. जुनी जमा रक्कम मात्र तिकडे स्विच करू नका. स्विच म्हणजे विक्रीच असते: वर्षावरच्या नफ्यात सगळे इक्विटी फंड-शेअर मिळून आर्थिक वर्षात 1.25 लाखांच्या वर गेलं की 12.5 टक्के कर, आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्र मोजतात, त्यामुळे शेवटच्या बारा हप्त्यांच्या नफ्यावर 20 टक्के.

माझे 2 लाख अजून तिथेच आहेत. आता जून आणि डिसेंबरमध्ये नव्या यादीतली 30 नावं वहीत उतरवून काढतो आणि गेलेल्यांवर पेन्सिलीने काट मारतो, एवढाच माझा त्या फंडाशी संबंध.