दुखणं थांबलं, मग कोल्चिसिन बंद करू का?

बाबांना पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आवरणाला सूज, झालाय, छातीतलं दुखणं आठवड्यात गेलं, तरी कोल्चिसिन ही गाऊटची गोळी तीन महिने कशाला?

उत्तर: मनाने बंद करू नका प्लीज. आमच्या कळव्याच्या मामांचं हेच झालं, आडवं पडलं की छातीत कळ यायची म्हणून रात्रभर मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसायचे, मग बरं वाटलं तशी गोळी सोडली आणि दीड महिन्यात पुन्हा तेच. दुखणं आयबुप्रोफेनने लवकर दबतं पण हृदयाच्या आवरणाची सूज आतून धुमसत असते, कोल्चिसिन त्या सुजेतल्या पांढऱ्या पेशींची धावपळ रोखते. २०१३ च्या आयकॅप ट्रायलमध्ये तीन महिने गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण १७ टक्क्यांना त्रास टिकला किंवा उलटला, न घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. डोस सहसा ०.५ मिलिग्रॅम, वजन ७० किलोच्या आत असेल तर दिवसातून एकदा, वर असेल तर दोनदा.

जुलाब लागले तर डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करता येतो. किडनी कमजोर असेल किंवा खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर आधी सांगा, कोल्चिसिन अंगात साठून विषारी होते.

हार्ट अटॅकनंतर कोल्चिसिन घेण्याचं मात्र इतकं पक्कं नाही, २०१९ च्या कोलकॉट ट्रायलमध्ये फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या ट्रायलमध्ये नाही.