भाग वाढतात, कथा तेवढीच राहते
परदेशी मालिका डब झाल्यावर तिचे भाग मुळापेक्षा इतके जास्त कसे होतात?

कथा वाढवलेली नसते. मूळ भागांचे तुकडे केलेले असतात. २००६ ते २००९ दरम्यान तुर्कस्तानात ‘बिनबिर गेजे’ ही मालिका आठवड्यातून एकदा दाखवली जात असे. तिचे भाग ९०च, पण प्रत्येक भाग साधारण दीड तासाचा होता. २०१४ मध्ये चिलीच्या ‘मेगा’ वाहिनीने ती स्पॅनिशमध्ये दाखवली. अशी मालिका रोजच्या पाऊण तासाच्या वेळेत बसवायची म्हटले, तर एका भागाचे सहज दोन भाग होतात. त्यात दिग्दर्शकाने जपून ठेवलेला उत्कंठेचा क्षण मात्र मूळ भागाच्या शेवटीच उरतो. म्हणूनच मधला एखादा भाग संवाद चालू असतानाच संपला, तर तिथे कात्री लागली आहे असे बहुधा समजावे. दोन आवृत्त्यांची तुलना भागांच्या संख्येने न करता एकूण मिनिटांनी करावी.