पुराची नोटीस आली, आता उत्तर काय लिहायचं

अरे,

तुझा मेल मिळाला, सोबतची कोल्हापूरच्या कास्टिंग सप्लायरची नोटीसही दोनदा वाचली. दीड पानाच्या त्या नोटिशीत खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात गुंडाळल्यात. पहिली म्हणजे पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, फाउंड्रीत पाणी शिरलं, म्हणून 23 जुलैपासून डिलिव्हरी 'पुढील सूचनेपर्यंत' थांबवतोय. दुसरी, जुलैचं सगळं पेंडिंग शेड्यूल या फोर्स मेज्युअरमध्ये, म्हणजे आवाक्याबाहेरच्या संकटात मिळणाऱ्या सुटीत, धरावं. आणि तिसरी अगदी शेवटच्या ओळीत हळूच सरकवलीये, की पिग आयर्न महागलंय तेव्हा रेट रिवाइज करावे लागतील. तुझे साहेब म्हणतात एका ओळीत 'नामंजूर' लिहून पाठव, प्रॉडक्शनवाले म्हणतात बिचाऱ्यांचा कारखाना बुडालाय, जाऊ दे. दोन्ही नको. पूर खराच आलाय, तो नाकारलास तर उद्या आर्बिट्रेटरसमोर आपणच आडमुठे दिसू, आणि सगळंच मान्य केलंस तर पुराच्या आधीच थकलेला 19 तारखेचा लॉट हातचा गेला.

उत्तर लिहायच्या आधी एक काम आजच कर. तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने सप्लायरला व्हॉट्सॅपवर 'टेन्शन नका घेऊ, पाणी उतरू दे, सावकाश द्या' असं टाकलंय ना, तसले मेसेज आता बंद. माणुसकीने चौकशी करा, जेवणाची पाकिटं पाठवा, पण तारखेबद्दल कोणी अवाक्षर लिहायचं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम 63 असं आहे की माल घेणारा स्वतःहून मुदत वाढवून देऊ शकतो, त्याबदल्यात त्याला काही मिळायला हवं असंही नाही, म्हणजे सप्लायरचा वकील तो मेसेज प्रिंट काढून 'यांनीच मुदत दिली' म्हणून लावणार. म्हणून उत्तरात एक वाक्य हवंच, की डिलिव्हरीच्या तारखांमधला कुठलाही बदल फक्त परचेस हेडच्या सहीच्या लेखी पत्रानेच होईल, कोणाच्या फोन-मेसेजवरून नाही, आधीच्या मेसेजवरूनही नाही.

आता कागद. पीओच्या, म्हणजे आपल्या खरेदी ऑर्डरच्या, मागच्या बाजूला जे क्लॉज छापलेत त्यात फोर्स मेज्युअरचा क्लॉज आहे हे बरं झालं. नसता तर सप्लायरकडे फक्त कलम 56 उरलं असतं, आणि तिथे 'थोडे दिवस थांबा' असा प्रकार नसतो, काम करणं अशक्य झालं तर करारच संपतो. क्लॉज असला की कोर्ट आधी त्या क्लॉजची भाषाच बघतं. तुमचा म्हणतो: पूर, आग, भूकंप वगैरे, घटना घडल्यापासून 7 दिवसांत पुराव्यासह नोटीस, नुकसान कमीत कमी राहील असे प्रयत्न करायचे, आणि 60 दिवसांच्या वर चाललं तर दुसऱ्या पार्टीला पीओ रद्द करता येईल. नोटीस 27 ला आली, म्हणजे वेळेत आहे, तो मुद्दा उगाच उकरू नकोस. पण पुराव्यादाखल काय जोडलंय, तर गेटसमोरच्या पाण्याचा एक फोटो, त्यावर तारीखसुद्धा नाही.

'कोल्हापुरात 2005 ला, 2019 ला, 2021 ला पूर आलाच होता, मग हा अनपेक्षित कसा' असं तू विचारलंस. चांगला प्रश्न आहे, पण तुमच्या क्लॉजमध्ये 'अनपेक्षित' हा शब्दच नाहीये, तिथे सरळ पूर लिहिलाय, त्यामुळे त्यावर फार जोर देऊ नकोस. त्याचा उपयोग प्रयत्नांच्या मुद्द्याला होतो. जिथे पूर येतो हे सगळ्यांना माहीत आहे तिथे विजेचं पॅनल उंचावर घेतलं होतं का, तयार माल आधी हलवला होता का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता खरा मुद्दा, 19 तारखेचा लॉट. शेड्यूल होतं 5, 12, 19 आणि 26 जुलै, दर वेळी 3,000 कास्टिंग. 5 आणि 12 चे आले. 19 चा आला नाही, आणि हायवे बंद झाला 23 ला, म्हणजे चार दिवस आधीच उशीर झालेला, त्याचा पुराशी काही संबंध नाही. 2020 मध्ये दिल्ली हायकोर्टाने हॅलिबर्टन विरुद्ध वेदांता प्रकरणात हेच पाहिलं, काँट्रॅक्टर लॉकडाऊनच्या कितीतरी आधीपासून मागे पडलेला होता, कोर्ट म्हणालं की आधीचा कसूर नंतर आलेल्या महामारीने धुऊन निघत नाही. म्हणून उत्तरात हे 3,000 नग वेगळे काढ. 26 च्या लॉटवर फोर्स मेज्युअरचा विचार पुरावे आल्यावर करू, 19 च्या लॉटवर तो लागूच नाही, आणि त्याची एलडी, म्हणजे उशिरासाठी पीओतच ठरलेली भरपाई, चालू राहील.

एलडीचा आकडा बघून मात्र हुरळू नकोस. 210 रुपये नग, 3,000 नग म्हणजे 6,30,000, आठवड्याला अर्धा टक्का म्हणजे 3,150 रुपये, त्यात लायनीवरचा एका दिवसाचा चहासुद्धा होत नाही. खरा पैसा दुसरीकडून घेण्यात जातोय, बेळगावची फाउंड्री 245 मागतेय, म्हणजे नगामागे 35, या 3,000 वर 1,05,000 रुपये. हा फरक 19 च्या लॉटपुरता मागता येईल, पण आधी एलडीचा क्लॉज नीट वाच, त्यात 'एलडी हाच एकमेव उपाय' असं असेल तर फरक विसर. आणि 26 च्या लॉटवर फोर्स मेज्युअर खरंच लागलं तर तिथला जादा खर्च आपल्यालाच सोसायचाय, हे साहेबांना आत्ताच सांगून ठेव.

रेटची ओळ एका वाक्यात संपव. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने एनर्जी वॉचडॉग प्रकरणात इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना सुटका दिली नाही, काम महाग पडणं म्हणजे अशक्य होणं नाही. पत्रात केस लॉ घालू नकोस, फक्त लिही की पीओचा रेट फर्म आहे आणि ही मागणी मान्य नाही. मात्र गप्प राहू नकोस, नाहीतर पुढच्या इनव्हॉइसवर नवा रेट छापून येईल आणि अकाउंट्सवाले पास करून मोकळे होतील.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण गाभा मराठीत असा धर:

'तुमची 27 जुलैची नोटीस मिळाली. तुमच्या भागातल्या परिस्थितीची आम्हाला जाणीव आहे. नोटीस मिळाल्याची ही फक्त पोच आहे, त्यातला दावा आम्ही मान्य केला असा तिचा अर्थ नाही. 19 जुलैचा लॉट घटनेच्या आधीच थकलेला असल्याने तो या नोटिशीत येत नाही. बाकीच्या दाव्यावर खालील माहिती 5 दिवसांत आल्यावर कळवू. तोपर्यंत पीओ आणि कायद्याखालचे आमचे सगळे हक्क राखून आहेत.'

वर 'विदाउट प्रेज्युडिस' छापू नकोस. लोकांना वाटतं त्याने संरक्षण मिळतं, पण ते तडजोडीच्या बोलणीसाठी असतं आणि तसलं पत्र पुरावा म्हणून दाखवायला अडचण येते, आपल्याला तर हे पत्र उद्या दाखवायचंच आहे.

माहिती मागताना 'सविस्तर कळवा' असं मोघम लिहिलंस तर मोघमच उत्तर येतं. फाउंड्रीच्या भाषेत विचार. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलपर्यंत पाणी गेलं का, लायनिंग पाडून नव्याने भरावं लागणार का, पॅनल आणि सँड प्लँटची काय अवस्था, वीज कधी आली. लायनिंग भिजलं असेल तर ते पाडून, भरून, सिंटर करून मगच हीट लागते, तेव्हा आठवडा-दोन आठवडे मागितले तर पटण्यासारखं आहे. पण पाणी फक्त डिस्पॅच यार्डात आलं असेल तर हायवे उघडल्यावर थांबायचं कारण काय? तसंच 23 च्या आधी ओतलेले, फेटलिंग म्हणजे घासून साफ करणं झालेले आपले किती नग गोडाऊनला पडलेत ते विचार. आणि चालू झाल्यावर पहिलं मेटल कोणाला देणार तेही लेखी माग, कारण जास्त रेट देणाऱ्याचे मोल्ड आधी भरले जातात हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या हिश्शाचा माल प्रमाणात मिळावा असं स्पष्ट लिही.

पॅटर्न! तुझ्या ड्राफ्टमध्ये त्याचा उल्लेखच नाहीये. पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ज्यांवरून ओतायचे साचे बनतात ते नमुने, आपल्या मालकीचे, त्यांच्या शेडमध्ये पडलेत, त्यातले काही लाकडी आहेत, पाण्यात राहिले तर फुगून मापं जातात. त्यांची आजची स्थिती फोटोसह माग, आणि आमचा माणूस गाडी घेऊन येईल, त्याच्या ताब्यात द्या असंही लिही. पॅटर्न हातात नसतील तर बेळगाववाला 245 ला काय, 300 लाही ओतून देऊ शकणार नाही. मधल्या काळात दुसरीकडून माल घेणार आणि तेवढे नग शेड्यूलमधून कमी करू शकतो हेही आत्ताच कळव, नाहीतर सप्टेंबरमध्ये दोन्हीकडचा माल दारात उभा राहील.

आणि माल पुन्हा यायला लागला की पत्र लिहून झालं म्हणून विसरू नकोस. वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेला माल मुकाट्याने घेतला तर कलम 55 प्रमाणे उशिराची भरपाई जाते, ती हवी असेल तर माल स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. म्हणजे 19 चे ते 3,000 नग ऑगस्टमध्ये आले की त्याच दिवशी मेल, 'उशिराच्या भरपाईचा हक्क राखून माल घेतला', आणि जीआरएनच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीच्या, रिमार्कमध्येही तेच. स्टोअरच्या माणसाला ही ओळ आत्ताच छापून दे, तो तुला विचारत बसणार नाही.

60 दिवसांचं घड्याळ 23 जुलैपासून धरलं तर 21 सप्टेंबरला संपतं. आत्ता रद्द करायची धमकी नको, फक्त ही तारीख आपण मोजतोय एवढं पत्रात दिसू दे. शिवाय तुमच्या चाकणच्या कस्टमरच्या करारात तुम्ही सप्लायर आहात, तिथेही नोटिशीची मुदत असेल, आणि सब-सप्लायरचा पूर तुमचं फोर्स मेज्युअर धरला जाईलच असं नाही, तो क्लॉज आज संध्याकाळी काढून मला पाठव.

पत्र मेलने तर जाऊ दे, पण पीओत नोटिशीचा पत्ता त्यांच्या रजिस्टर्ड ऑफिसचा आहे आणि पोस्टाने पाठवायचं म्हटलंय, तेव्हा स्पीड पोस्टनेही टाक. ऑफिस पाण्यात असेल तर पाकीट परत येईल, तो परतीचा लिफाफा न उघडता फाइलला लाव.

— तुझी ताई

ता.क. ड्राफ्टमध्ये तू तीन ठिकाणी 'आम्ही समजू शकतो' लिहिलंयस, एकच ठेव, पहिल्या परिच्छेदात.